जड रिफ बनतो कसा? खालचा दाबलेला सा आणि समेवर आणणाऱ्या पाच पायऱ्या

जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस वाजवून गेले, आणि त्या वर्षी माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचं मागणं बदललं. आधी मुलं गाणं मागायची. आता म्हणतात, "सर, तसला जड रिफ आपला आपण कसा बनवायचा?" त्यांच्या घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. बंद दारामागून तासभर जे ढग्‌ढग् ढग्‌ढग् ऐकू येतं त्यात संगीत नेमकं कुठे आहे, हे त्यांना कळत नाही.

कोपरखैरण्यात मी शनिवार-रविवार शिकवतो. तिथे घणसोलीहून अकरावीतला एक मुलगा येतो. त्याचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना सगळे बुवा म्हणतात, म्हणून मीही बुवाच म्हणतो. एका रविवारी ते मुलाला न्यायला आले, दहा मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "सर, ठेका कळला. सूर कुठे आहे?" त्यांना जे सांगितलं, तेच इथे मांडतो. बहुतेक वाचकांनी गिटार हातात धरली नसेल, पण पेटी आणि तबला ऐकलेलाच असतो.

रिफ म्हणजे काय

रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, ज्याच्यावर सगळं गाणं उभं राहतं. आपल्याकडे नगमा असतो तसा. तबलजी एकल वाजवतो तेव्हा पेटीवाला तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवतो. ती ओळ साधी आणि ठाम असावी लागते, आणि समेवर अचूक यावी लागते. रिफचं तसंच आहे, फक्त त्यात ओळ आणि ठेका असं दोघांचं काम गिटारच करते.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत पांढरी तीनच्या सुरात असते. सेकंदाला साधारण 82 कंपनं, म्हणजे पुरुषाच्या खर्जातला सूर. हा आपला सा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. एक फ्रेट पुढे गेलं की सूर पेटीच्या एका पट्टीने चढतो, काळी-पांढरी असा भेद न करता. म्हणजे मोकळी तार सा, पहिल्या फ्रेटवर कोमल रे, दुसऱ्यावर शुद्ध रे, तिसऱ्यावर कोमल ग, चौथ्यावर शुद्ध ग आणि पाचव्यावर म. आपल्या रिफला एवढे सहा सूर पुरतात.

तळहाताची कड आणि डग्ग्यावरचं मनगट

जडपणा जोरात वाजवल्याने येतो, असा समज आहे. तो खरं तर उजव्या तळहातातून येतो.

तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात त्या लोखंडी भागाला ब्रिज म्हणतात. उजव्या हाताची करंगळीखालची मांसल कड ब्रिजच्या अगदी तोंडाशी तारेवर हलकी टेकवायची आणि हात न उचलता पिकने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चकतीने, तार छेडायची. याला पाम म्यूट म्हणतात. तारेच्या आवाजात मूळ सुराबरोबर वरचे बारीक, झणझणीत स्वरांश असतात. मऊ मांस ते आधी गिळतं, आणि खालचा सूरही लवकर थांबवतं. उरतो तो आखूड, गोल धक्का, आणि त्याला सूर असतो.

तबल्याचा डग्गा आठवा. मोकळा 'गे' घुमतो, 'क' एकदम बंद असतो. पाम म्यूट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. मनगट डग्ग्यावर टेकलेलं असतं, तरी गुंजन पूर्ण मरत नाही.

जागा मिलिमीटरची आहे. हात मानेच्या बाजूला थोडा जास्त सरकला की सूर मरतो आणि पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. मागे सरकून पूर्ण ब्रिजवर गेला की तार मोकळी वाजते. मी मुलांना एकच मोकळी तार सलग वाजवायला लावतो आणि वाजवता वाजवता हात केसभर पुढे-मागे सरकवायला सांगतो. एका ठिकाणी आवाज आपोआप भरतो. ती जागा प्रत्येक गिटारवर वेगळी असते, आणि हाताला ती दोन-तीन दिवसांत पाठ होते.

दाबाचीही गंमत आहे. डग्ग्यावर मनगट दाबलं की सूर चढतो, तसाच इथेही चढतो. पुढे-मागे झुकू शकणारा, तरंगता ब्रिज असेल तर फारच. हे कानाला चटकन कळत नाही, पण ट्यूनर लगेच सांगतो. मोकळी तार सुरात लावा, मग हात टेकवून वाजवा. काटा वर सरकला तर हात जड पडतोय. घणसोलीच्या मुलाचा काटा पहिल्या दिवशी इतका वर जात होता की त्याला वाटलं, तार उतरवून लावायला हवी. तार ठीक होती, तो खांद्यापासून दाबत होता.

कापणारा आवाज आणि पॉवर कॉर्ड

इलेक्ट्रिक गिटारचा तो फाटलेला आवाज म्हणजे डिस्टॉर्शन. अँप्लिफायरला झेपेल त्याहून मोठा आवाज आत ढकलला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि त्या कापण्यातून मूळ आवाजात नसलेले नवे सूर तयार होतात. किती ढकलायचं ते ठरवणाऱ्या बटणाला गेन म्हणतात.

एका वेळी दोन सूर वाजवले तर त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकीही आवाजात उतरते. सा 82 आणि त्याचा पंचम साधारण 123. वजाबाकी 41, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. गिटारवर नसलेली ती खालची तार आपोआप वाजायला लागते. सा-प जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि जड संगीत तिच्यावर का उभं आहे त्याचं कारण हेच. सा आणि शुद्ध ग अशी जोडी घेतली तर 104 वजा 82, उरतात 22 च्या आसपास. तो सूर म्हणून ऐकूच येत नाही, नुसती घरघर होते. साध्या गिटारवर गोड वाटणारा भरीव कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये चिखल का होतो, हे अनेकांना कळत नाही. ते गणित एवढंच आहे.

तानपुऱ्यात प-सा लावतात हे बुवांना माहीत होतंच. ते म्हणाले, "म्हणजे तुमचा तानपुराच आहे, रागावलेला." मला ते फार आवडलं.

आता रिफ बनवू: आठ मात्रांचे तीन तुकडे

वेग मिनिटाला 120 ठोक्यांचा धरू आणि प्रत्येक ठोक्याच्या दोन मात्रा करू. म्हणजे मात्रा पाव सेकंदाची, आठ मात्रांची ओळ दोन सेकंदांची आणि चार ओळींचा रिफ आठ सेकंदांचा. आठ मात्रा चार-चार अशा कापल्या तर चाल कवायतीसारखी होते. तीन-तीन-दोन अशा कापा: तकिट तकिट तक. मात्रा आठच राहतात, पण जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो आणि ओळ पुढे झुकल्यासारखी वाटते.

खालचे आकडे जाड तारेवरच्या फ्रेटचे आहेत. शून्य म्हणजे मोकळी तार, हात टेकवून. बाकी सगळे आकडे हात उचलून, उघडे. आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर चालू.

```
मात्रा   1  2  3  4  5  6  7  8
ओळ 1    0  0  0  3  0  0  5  -
ओळ 2    0  0  0  3  0  0  2  -
ओळ 3    0  0  0  3  0  0  5  -
ओळ 4    0  0  0  5  4  3  2  1
```

पहिल्या तीन ओळींतले 3, 5 आणि 2 पॉवर कॉर्ड म्हणून वाजवायचे. पहिलं बोट त्या फ्रेटवर, तिसरं बोट शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे. सगळे घाव पिक खाली मारूनच घ्यायचे. खाली-वर केलं तर वरचा घाव हलका पडतो आणि दाबलेले सूर एकसारखे येत नाहीत. या वेगात सेकंदाला चार घाव येतात, तेवढे हात महिन्याभरात सोसतो.

बंद आणि उघडा यांतला फरक हाच या रिफचा जीव आहे. सा सा सा दबलेले असतात म्हणून चौथ्या मात्रेवरचा कोमल ग फुटून बाहेर येतो. सगळंच उघडं वाजवलं तर काहीच उठत नाही. आणि सातव्या मात्रेचा सूर आठव्यापर्यंत धरून सोडा, तिथे घाव भरायचा मोह आवरा. ढोलपथकात टोल थांबतो त्या क्षणी छातीत जे होतं, त्याच्यासाठी ती जागा आहे.

पहिल्या तीन ओळींत कोमल रे आणि शुद्ध ग मी मुद्दाम ठेवलेले नाहीत. ते चौथ्या ओळीसाठी राखून ठेवलेत.

टर्नअराउंड: समेची चाहूल

आवर्तन संपत आलं की गवई मुखडा उचलतो, तबलजी तिहाई घेतो, आणि ऐकणाऱ्याची मान समेच्या आधीच हलायला लागते. रिफच्या शेवटी येऊन पुन्हा सुरुवातीकडे वळवणाऱ्या अशा तुकड्याला टर्नअराउंड म्हणतात. क्रोमॅटिक म्हणजे पेटीवर एकही पट्टी न गाळता शेजारून शेजारी जाणं. आपल्या चौथ्या ओळीत दोन्ही आहेत: म, शुद्ध ग, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे, आणि मग पहिल्या ओळीचा सा.

हे कानावर का चालतं? तीन ओळी कानाला सांगत असतात की घर सा आहे. अचानक सूर पट्टी-पट्टीने उतरू लागले की कोणता सूर घरचा आणि कोणता परका हे कळेनासं होतं. पाऊल मात्र सारख्या उंचीचं असतं, त्यामुळे जिना कुठे उतरतोय ते कळतं. शेवटची पायरी कोमल रे ही 'सा'ला इतकी चिकटून आहे की तिथे थांबवतच नाही.

बोटांचं सांगतो. फ्रेट पाच आणि बोटं चार. 5, 4, 3, 2 यांना करंगळी, अनामिका, मधलं आणि पहिलं बोट, आणि 1 साठी पहिलंच बोट तारेवरून मागे सरकवायचं. सरकताना पिकचा घाव नव्याने मारायचा, नाहीतर शेवटचा सूर पुसट येतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हे पाचही सूर सुरुवातीला एकेकटेच वाजवा, पॉवर कॉर्ड नको. सम येते तेव्हा पहिल्या ओळीचा पहिला सा तेवढा हात उचलून, पंचमासकट मोकळा सोडा, आणि दुसऱ्या मात्रेला हात पुन्हा टेकवा. बाकीचे शून्य बंदच.

कुठे चुकतं

घणसोलीच्या मुलाने रिफ स्वतः रचला होता, आणि तो वर दिलेल्यासारखाच होता. फरक एकच: त्याचा उतार पाचव्या मात्रेवर सुरू व्हायचा. ओळीचा अर्धा भाग सा, अर्धा उतार, कागदावर छान दिसत होतं. वाजवताना दर वेळी चौथ्या ओळीनंतर काहीतरी ठेचकाळायचं. कधी ठोके देणाऱ्या मेट्रोनोमच्या पुढे जायचा, कधी मागे पडायचा. त्याला वाटायचं, बोटं हळू आहेत. रोज तासभर बोटांचा सराव केला, फरक पडेना.

मी फोनवर रेकॉर्ड करून त्याला ऐकवलं आणि विचारलं, "समेवर काय वाजतंय?" दोनदा ऐकून म्हणाला, "पहिलं फ्रेट." पाचव्या मात्रेपासून आठव्यापर्यंत जागा चार, पायऱ्या पाच. म्हणून एका वेळी कोमल रे समेवर पडायचा आणि सा एक मात्रा उशिरा यायचा. दुसऱ्या वेळी हाताला ते खटकायचं आणि तो शेवटचे दोन सूर एका मात्रेत कोंबायचा. बोटांचा दोष नव्हताच, मोजणी चुकली होती.

कोपऱ्यात बसलेले बुवा म्हणाले, "बाळा, समेवरून उलटं मोज." त्यांनी मांडीवर ताल धरला: सम सा, तिच्या मागची आठवी कोमल रे, सातवी रे, सहावी कोमल ग, पाचवी ग, चौथी म. "चौथीला उचल." भजनात तिहाई कुठून उचलायची हे ते असंच ठरवतात.

दुसरा उपाय होता. पाचव्या मात्रेवर चौथ्या फ्रेटपासून सुरू केलं तर चार जागांत चार सूर बसतात. ओळ होते 0 0 0 3 4 3 2 1. बरोबर आहे, वाजतंही. मला तरी चौथ्या मात्रेवरून उचललेलं जास्त पटतं. तीन ओळी ऐकणाऱ्याला चौथ्या मात्रेवर कोमल ग मिळालेला असतो. चौथ्या ओळीत त्याच जागी म आला की त्याला तिथेच कळतं, आता वळण आलं.

उतारात घाई प्रत्येकाची होते. मेट्रोनोम 80 वर आणा, फक्त चौथी ओळ आणि पुढच्या ओळीचा पहिला सा एवढंच फिरवत राहा. ठोका 'सा'खाली पूर्ण झाकला गेला, ऐकूच आला नाही, की वेग चार-पाचने वाढवा.

"पण हे तर शास्त्राच्या बाहेर झालं"

ही शंका बुवांचीच. दोन्ही रे, दोन्ही ग लागोपाठ? रागात एकाच सुराची दोन रूपं शेजारी-शेजारी सहसा येत नाहीत, हे खरं आहे. ललितमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, आणि ललितची ओळखच ती आहे, हेही त्यांनीच पुढे सांगितलं. इथे आपण राग मांडत नाही. पाच सूर सव्वा सेकंदात निघून जातात आणि त्यांच्यातल्या कुठल्याही एकावर मुक्काम होत नाही. त्यातल्या शुद्ध गवर थांबून बघा, कानाला लगेच खटकेल. चालत राहण्याच्या अटीवरच त्यांना आत घेतलंय.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. आठ सेकंदांचा रिफ मिनिटात सात-आठ वेळा येतो. उतार प्रत्येक वेळी आला तर तिसऱ्यांदा त्याची चाहूल उरत नाही. मी एका आवर्तनाआड वाजवायला सांगतो. मधल्या आवर्तनात चौथ्या ओळीच्या जागी दुसरी ओळच पुन्हा घ्यायची.

"गेन पूर्ण ठेवल्याशिवाय जड वाटत नाही"

घरी एकट्याने वाजवताना वाटतं खरं. पण गेन जितका वाढेल तितके लहान-मोठे आवाज एकाच उंचीवर येतात, आणि बंद-उघड्यातला जो फरक आपण तळहाताने कमावला तोच पुसला जातो. दहाच्या बटणावर चार-पाचपासून सुरुवात करा. सातव्या मात्रेचा सूर सोडल्यावर पुढच्या समेआधी सुस्कारा ऐकू आला तर गेन जास्त आहे. दाबलेल्या 'सा'च्या तोंडाशी पिकचा टक् ऐकू येत नसेल, तरीही जास्त आहे. बेसचं बटणही उतरवा आणि मधलं चढवा. नवी मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीच बेस वाढवतात, आणि म्यूट फदफदायला लागतो. खालचं वजन द्यायला बँडमध्ये बेस गिटार असतेच.

"तारा उतरवून लावल्या तर अजून जड होईल ना?"

होईल, आणि याची सुरुवात एका कारखान्यात झाली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे फ्रेट दाबायचा हात तोच. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रेसवर काम केलेल्या कुणाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या उतरवून सैल केल्या. ब्लॅक सॅबथचा तो खोल आवाज त्यातून आला.

आज सोपा प्रकार म्हणजे फक्त जाड तार दोन पट्ट्या खाली आणणं. 82 वरून 73 कंपनं. शेजारच्या तारेशी तिचं नातं सा-प असं होतं, म्हणून पॉवर कॉर्ड एका बोटाने आडवा दाबूनही मिळतो. पण दुकानातल्या नेहमीच्या संचात ही तार बहुधा 46 ची, म्हणजे 0.046 इंच जाडीची असते. आणखी खाली नेली की ती इतकी सैल होते की जोरात घाव घातला की सूर आधी चढतो आणि मग जागेवर येतो. पाम म्यूटमध्ये सूर आखूड असल्याने तो चढलेला भागच ऐकू येतो, आणि रिफ बेसूर वाटतो. तेवढं खाली जायचं तर 52 ची तार लावा आणि घाव हलका करा.

घणसोलीच्या मुलाने दोन पट्ट्या उतरवूनच वाजवायचं ठरवलं. पुढच्या रविवारी बुवा भजनातून थेट आले, पेटी बरोबर होती. मुलाने चौथ्या मात्रेवर म उचलला, पाच पायऱ्या उतरल्या, आणि बुवांनी समेवर पांढरी दोन धरली.